स्लॅट कन्व्हेयर लाईन : जड असेंब्ली हलकी करण्याच्या नोंदी

1 जुलै

सकाळी कुंडईच्या ऑफिसात पोचल्या पोचल्या सॉलिडवर्क्समध्ये पूर्ण लाईनची असेंब्ली उघडायला टाकली. खाली गाड्यावर जाऊन पातळभाजी-पाव खाल्ला, चहा घेतला, वर आलो तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच होतं. सिरप बाटल्यांच्या लाईनीचं हे काम आहे: दोन लांब स्लॅट कन्व्हेयर, मध्ये भरणं, झाकण लावणं आणि लेबल. चवथीच्या आधी मशीन निघायला हवं, आणि 22 तारखेला गिऱ्हाईक पडद्यावर बसून डिझाइन बघणार आहे. आज या असेंब्लीत एखादा बोल्ट बदलायचा म्हटलं तरी अर्धा तास जातो.

सर म्हणाले, नवा कॉम्प्युटर घेऊ या का. मी दोन आठवडे मागून घेतले. गेल्या वर्षी रॅम वाढवली होती, तेव्हा तीन महिने बरं वाटलं होतं. नंतर पुन्हा तेच.

2 जुलै

आज काहीच बदललं नाही, फक्त मोजलं. मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो. पूर्ण रिझॉल्व्ह मोडमध्ये उघडायला 11 मिनिटं 40 सेकंद. Ctrl+Q देऊन जबरदस्तीचा रिबिल्ड घेतला तर 3 मिनिटं 50 सेकंद. माऊसचं मधलं बटण धरून मॉडेल फिरवलं तर ते फिरत नाही, उड्या मारतं.

हे तीन आकडे वहीत वेगवेगळे लिहिले, कारण ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. उघडायला वेळ लागतो तो फायलींमधला डेटा मेमरीत आणण्यात. फिरवताना अडतं ते पडद्यावर काढाव्या लागणाऱ्या त्रिकोणांपायी. रिबिल्ड लांबतो तो फीचर आणि मेट सोडवण्यात. आपण सगळ्यालाच ‘स्लो आहे’ म्हणतो आणि हाताला लागेल तो उपाय करतो. मग एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

`Performance Evaluation` चालवलं. एकूण 3,412 कंपोनंट. मग `Assembly Visualization` उघडून त्यात ग्राफिक्स त्रिकोणांचा कॉलम लावला आणि उतरत्या क्रमाने यादी केली. पहिल्या ओळीवर जे दिसलं ते बघून हसूच आलं. त्याबद्दल उद्या.

3 जुलै

पहिल्या ओळीवर स्लॅट चेनची लिंक होती. पुरवठादाराने दिलेली स्टेप फाइल; 82.5 मिमी रुंद प्लेट, खाली बिजागरीसारखे डोळे, त्यात पिन, प्रत्येक कडेला गोलाई. एका लिंकचे 14,200 त्रिकोण. ही लिंक कन्व्हेयरच्या वाटेवर पॅटर्न करून पूर्ण फेरीभर लावलेली होती.

हिशेब असा. दोन्ही टोकांच्या स्प्रॉकेटमध्ये 11.8 मीटर अंतर. वरची आणि खालची बाजू मिळून 23.6 मीटर, स्प्रॉकेटांवरचा वळसा धरून सुमारे 24 मीटर. पिच 38.1 मिमी, म्हणजे 630 लिंक. असे दोन कन्व्हेयर, म्हणून 1,260. त्याला 14,200 ने गुणलं की होतात 1 कोटी 79 लाख त्रिकोण. पूर्ण लाईनचे मिळून 2 कोटी 60 लाख आहेत. म्हणजे पडद्यावरच्या ओझ्याचे दोन तृतीयांश निव्वळ चेनच्या डोळ्या-पिनांचे, आणि ते डोळे बघायला आजवर कुणीही झूम केलेलं नाही.

पॅटर्न मीच केला होता, दोन वर्षांपूर्वी, आधीच्या लाईनसाठी. त्या वेळी छान दिसला म्हणून सरांना दाखवलाही होता.

4 जुलै

आधी सोपं ते करून बघितलं: `Lightweight`. फाइल उघडायच्या चौकटीत `Mode` मध्ये ते निवडलं. आता प्रत्येक पार्टचा पूर्ण डेटा न आणता थोडाच आणला जातो, आणि एखाद्या पार्टचं काही करायला घेतलं की तेवढ्याचाच बाकीचा आणला जातो. झाडात अशा पार्टपुढे पिसाचं चिन्ह दिसतं. उघडायला 4 मिनिटं 10 सेकंद लागले. आमच्या फायली सर्व्हरवर असतात, त्यामुळे कमी डेटा ओढण्याचा फायदा इथे जास्तच दिसला असावा.

फिरवून बघितलं. तेच. एक उडी कमी नाही. व्हायचंच होतं ते, कारण पीस लागलेल्या पार्टचंही चित्र पूर्णच काढावं लागतं. ट्रेनी मुलीला हे दाखवलं तर ती म्हणाली, “म्हणजे सर, सामान कमी आणलं पण गर्दी तेवढीच?” बरोबर बोलली.

लाइटवेटमध्ये काम अडेल अशी भीती आमच्याकडे बऱ्याच जणांना आहे. अडत नाही. मेट लावणं, माप घेणं, सेक्शन बघणं, इंटरफिअरन्स तपासणं, वजन काढणं, सगळं त्याच अवस्थेत झालं. पार्टचं फीचर बदलायचं असेल तेव्हाच तो रिझॉल्व्ह करावा लागतो.

7 जुलै

लाइटवेटची दुसरी बाजू आज दिसली. शुक्रवारी संध्याकाळी आमच्यातल्या एकाने मोटर ब्रॅकेट 12 मिमी पुढे सरकवला. त्याच्यावरच्या गार्डच्या पत्र्यातली खाच ब्रॅकेटवरून संदर्भ घेऊन काढलेली आहे, म्हणजे ती आपोआप सरकायला हवी. आज सकाळी असेंब्ली लाइटवेटमध्ये उघडली तर ब्रॅकेट नव्या जागी आणि खाच जुन्याच जागी. गार्ड डिझाइनला चुकलेला नव्हता, त्याचा डेटा पूर्ण आलेलाच नव्हता. त्यामुळे खाच जुनीच दाखवली जात होती. मी तसाच ड्रॉइंगला हात घातला असता तर चुकीचं माप खाली गेलं असतं.

`System Options` मध्ये `Performance` खाली `Check out-of-date lightweight components` नावाची सेटिंग आहे. आमच्याकडे ती `Don't Check` वर होती. ती `Indicate` केली. आता जुना झालेला लाइटवेट पार्ट लाल पिसाने दिसतो. `Always Resolve` पण आहे, पण ते लावलं तर असे पार्ट दर वेळी पूर्ण आणले जाणार आणि मिळवलेल्या वेळातला काही हातचा जाणार. म्हणून `Indicate`, आणि नियम असा ठरवला की ड्रॉइंग काढण्याआधी लाल पीस एकही उरता कामा नये. हा नियम कागदावर लिहून प्रत्येकाच्या मॉनिटरवर चिकटवला. सगळ्या पाचही मशीनवर सेटिंग स्वतः जाऊन केली, सांगून होत नाही.

8 जुलै

आज चेन. पॅटर्न उडवला आणि त्याच्या जागी एकच पार्ट केला. कन्व्हेयरच्या वाटेचं स्केच आधीपासून होतंच, त्याच्यावरून एक आयत स्वीप केला. आयताची मापं लिंकच्या सगळ्यात बाहेरच्या कडांची घेतली: रुंदी 82.5, जाडी प्लेटच्या वरच्या अंगापासून खालच्या डोळ्याच्या तळापर्यंत. निव्वळ प्लेटची जाडी घेतली असती तर दिसायला अधिक खरं वाटलं असतं, पण खालच्या वेअर स्ट्रिपला डोळा घासतो का हे तपासताच आलं नसतं. सोपा पार्ट जागा व्यापण्याच्या बाबतीत खोटं बोलता कामा नये, दिसण्यात बोलला तरी चालेल.

वरच्या अंगावर 38.1 मिमीच्या रेघांचं चित्र चिकटवायचा विचार होता, म्हणजे गिऱ्हाइकाला ती चेन वाटेल. शेवटी डेकल लावलं. त्याला त्रिकोण लागत नाहीत.

कंपोनंट 3,412 वरून 2,154 झाले. 1,260 गेले, 2 आले. आणि फिरवलं तर, देवाशपथ, मॉडेल लोण्यासारखं फिरलं.

मग दोन हिशेब नीट करावे लागले. एक वजनाचा: स्वीप केलेली भरीव पट्टी प्रत्यक्ष चेनपेक्षा खूप जड येते, त्यामुळे फ्रेमच्या पायांवरचा भार चुकीचा दिसू लागला. कॅटलॉगमधलं प्रति मीटर वजन गुणिले 24 असं करून `Override Mass Properties` मध्ये घातलं. दुसरा बीओएमचा: आधी बीओएममध्ये ‘लिंक, 1,260 नग’ येत होतं आणि खरेदीवाले दर वेळी फोन करून विचारायचे की हे मीटरमध्ये सांगा. आमच्याकडे चेन 10 फुटांच्या पेटीत येते, पेटीत 80 लिंक. 630 ला 80 ने भागलं की 7.9, म्हणजे कन्व्हेयरमागे 8 पेट्या. आता नव्या पार्टमध्ये लांबीची प्रॉपर्टी घातली आहे आणि बीओएममध्ये चेनची एकच ओळ येते, मीटरमध्ये. खरेदीच्या ताईंनी पहिल्यांदाच माझ्या बीओएमबद्दल चांगलं काही बोलून दाखवलं.

एक उरलं: इंटरफिअरन्स तपासला की स्प्रॉकेटचे दात आणि पट्टी एकमेकांत शिरलेली दिसतात. ते तसंच दिसणार, खऱ्या चेनमध्ये तिथे डोळ्यांमधली पोकळी असते. निकालात ती चार ठिकाणं `Ignore` केली आणि तशी टीप असेंब्लीत लिहून ठेवली, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी स्प्रॉकेट लहान करायला निघेल.

10 जुलै

गिअर मोटर आणि सिलिंडर. हे सगळे बाहेरून आलेले स्टेप मॉडेल. इथे एक गोष्ट ट्रेनी मुलीला समजावताना मलाही स्पष्ट झाली. तिने मोटर उघडली, झाडात फीचर शोधू लागली आणि म्हणाली, “यात सप्रेस करायला काहीच नाही.” खरंच नाही. स्टेपमधून आलेल्या पार्टमध्ये सगळं मिळून एकच आयात केलेली बॉडी असते. तिच्यातली गोलाई किंवा छिद्रं सुटी सप्रेस करता येत नाहीत.

म्हणून उलटं करायचं. SIMPLE नावाचं नवं कॉन्फिगरेशन केलं आणि त्यात बॉडीवर भर घालणारं एक फीचर टाकलं. मोटरच्या पंख्याच्या जाळीत शंभरावर छिद्रं होती. जाळीच्या जाडीइतकी एक चकती एक्स्ट्रूड करून तिच्यात जाळी गडप केली. छिद्रं बुजली, त्यांचे सगळे फेस गेले. नेमप्लेटवरची उठावाची अक्षरं होती (हो, कुणीतरी अक्षरंसुद्धा त्रिमितीत देतं), ती `Delete Face` ने `Delete and Patch` करून काढली. ही दोन्ही फीचर SIMPLE मध्ये चालू आणि Default मध्ये सप्रेस. म्हणजे सप्रेस केल्यावर मोटर तपशीलवार होते, आणि सप्रेस काढलं की सोपी.

`Defeature` ने पाच मिनिटांत झालं असतं, हे माहीत आहे. सकाळी एका मोटरवर करून बघितलं. मॉडेल छान हलकं झालं, पण ते वेगळा पार्ट म्हणून सेव्ह केलं आणि जुन्याच्या जागी बसवलं तर मेट लटकले, कारण ते मूळ पार्टच्या फेसना लावलेले होते. बाहेर कुणाला मॉडेल पाठवायचं आणि आतलं दाखवायचं नाही, तेव्हा ते उत्तम. लाईनमध्ये जिथे मेट आधीच लागले आहेत तिथे त्याच फाइलमधलं दुसरं कॉन्फिगरेशन बरं पडतं.

सिलिंडरमध्ये आतला पिस्टन, सील, गादी सगळं दिलं होतं. बॅरल आणि रॉड असे दोनच पार्ट ठेवले, बाकी उडवलं. एकच पार्ट करून टाकायचा मोह झाला, पण रॉड पुढे-मागे करून झाकणाच्या चिमट्याचा स्ट्रोक बघावा लागतो.

11 जुलै

सकाळी बीओएममध्ये तीच मोटर दोन ओळींवर आली. एका ओळीत कोड, दुसरीत SIMPLE. कारण कॉन्फिगरेशनच्या प्रॉपर्टीत बीओएममध्ये दाखवायचा पार्ट नंबर ‘कॉन्फिगरेशनचं नाव’ असा लागलेला होता. तो `Document Name` केला, ओळी एक झाल्या. प्रत्येक SIMPLE ला हे करायला हवं. टेंप्लेटमध्येच बदलून टाकलं.

दुपारी दोन तास लाईट नव्हती. पाऊस असा की समोरची शेड दिसत नव्हती. यूपीएसवर फायली सेव्ह करून बसलो.

14 जुलै

आता रिबिल्ड. हा अजून 3 मिनिटं 20 सेकंद आहे. चेन गेल्याने तीस सेकंद वाचले, बस्स. म्हणजे रोग दुसरीकडे आहे.

संशय होता साइड फ्रेमवर. डावी आणि उजवी असे दोन पार्ट, प्रत्येक चार वेळा जोडलेला, एका तुकड्याची लांबी 2.95 मीटर. पार्ट सुटा उघडून त्यातच `Performance Evaluation` चालवलं. फीचरची यादी वेळेप्रमाणे आली. एकूण 41 सेकंद, त्यात 38 सेकंद एकाच फीचर-पॅटर्नचे: M6 ची 19 छिद्रं, प्रत्येकात खरा आटा, हेलिक्सवरून स्वीप-कट केलेला.

खाली वर्कशॉपमध्ये गेलो. टॅपिंग करणारे काका आटा हाताने काढतात. त्यांना विचारलं, मॉडेलमधला आटा तुम्ही कधी बघितलात का. ते म्हणाले, “बाबा, मला ड्रॉइंगवर M6 लिहिलेलं दिसलं की 5 चं ड्रिल आणि टॅप. मॉडेल कशाला बघू?”

आधी वाटलं हा आटा SIMPLE मध्ये सप्रेस करावा. मग वाटलं, जो आटा कुणीच वापरत नाही तो सप्रेस करून तरी का जपायचा? काढूनच टाकला. त्याच्या जागी `Hole Wizard` ने 5 मिमीचं छिद्र आणि कॉस्मेटिक थ्रेड. ड्रॉइंगमध्ये आट्याची टीप त्यातूनच येते. पार्टचा रिबिल्ड 41 वरून 3 सेकंदांवर.

सप्रेस कुठे करायचं हे त्यावरून ठरवलं. उत्पादनाला लागतं पण असेंब्लीत कुणी बघत नाही, ते सप्रेस: कडांच्या गोलाया, चेम्फर, कोपऱ्यातले वेल्ड रिलीफ. कुणालाच लागत नाही ते काढा.

15 जुलै

सप्रेस करताना एक मेट मोडला. बेअरिंग प्लेटचा एक चेम्फर सप्रेस केला आणि त्याच्यासोबत पुढचं छिद्रही गेलं, कारण छिद्राचं स्केच चेम्फरच्या कडेवरून मापलं होतं. त्या छिद्राला शाफ्टचा कॉन्सेंट्रिक मेट. झाडात लाल खुणांची रांग लागली. छिद्राचं स्केच प्लेटच्या मूळ मध्यरेषेवरून मापून घेतलं, मेट पार्टच्या मूळ प्लेनला आणि अक्षाला दिले. आता काय हवं ते सप्रेस करा, शाफ्ट जागचा हलत नाही.

17 जुलै

सगळ्या पार्टमध्ये कॉन्फिगरेशनचं नाव अक्षरशः सारखंच ठेवलं, SIMPLE, कॅपिटलमध्ये. त्यामुळे उघडताना `Configurations` च्या यादीत `Advanced` घेऊन तेच नाव द्यायचं: ज्या पार्टमध्ये ते आहे त्यांचं ते उचललं जातं, बाकीचे आहेत तसे राहतात. दोघांनी ‘Simple’ आणि ‘SIMPLIFIED’ असं लिहिलं होतं, ते शोधून बदलायला एक सकाळ गेली.

फाइलचा आकार मात्र कमी झाला नाही, थोडा वाढलाच. दोन कॉन्फिगरेशन म्हणजे दोन्हींचा डेटा त्याच फाइलमध्ये. म्हणून SIMPLE मुळे उघडण्याचा वेळ फारसा घटला नाही, फिरवणं आणि रिबिल्ड सुधारलं.

18 जुलै

आजची चूक माझी. कव्हर प्लेटची डीएक्सएफ लेझर कटिंगला पाठवली होती, आज 4 प्लेट आल्या, स्वच्छ, चकचकीत आणि एकही छिद्र नसलेल्या. पाठवताना पार्ट SIMPLE वर होता आणि मी फ्लॅट पॅटर्न तिथूनच काढला. छिद्रं सप्रेस होती. काकांनी काही न बोलता प्लेटा उचलल्या आणि मार्किंग करून ड्रिल करायला घेतल्या. ते न बोलणं जास्त लागलं.

उपाय दोन. ड्रॉइंगच्या प्रत्येक व्ह्यूच्या प्रॉपर्टीत कोणतं कॉन्फिगरेशन वापरलंय ते तपासलं. तीन व्ह्यू SIMPLE वर सापडले. आणि SIMPLE मध्ये सगळ्या पार्टचा रंग फिकट जांभळा केला. तो रंग आमच्या कुठल्याच मशीनवर नाही, त्यामुळे डीएक्सएफ काढायला बसलेल्याला आपण कुठे आहोत ते लगेच दिसतं. गिऱ्हाइकासमोर दाखवायला मात्र वेगळं डिस्प्ले स्टेट ठेवलंय, खऱ्या रंगांचं.

22 जुलै

आजचे आकडे: लाइटवेटमध्ये उघडायला 2 मिनिटं 35 सेकंद, पूर्ण रिझॉल्व्हमध्ये रिबिल्ड 48 सेकंद, त्रिकोण 2 कोटी 60 लाखांवरून 61 लाख.

गिऱ्हाईक दोन तास बसलं. मॉडेल हवं तसं फिरवलं, भरण्याच्या नळ्यांपाशी सेक्शन घेऊन दाखवला. एका गृहस्थांनी विचारलं, चेनच्या लिंक जवळून दाखवता का. डेकलच्या रेघांवर झूम केलं, रेघाच दिसल्या. मी सांगितलं की ही पट्टी आहे, खऱ्या लिंकची फाइल वेगळी आहे, आणि ती उघडून दाखवली. त्यांनी बघितली, मान हलवली आणि गाइड रेलची उंची 5 मिमी वाढवायला सांगितली. बदल त्यांच्यासमोरच केला.

उद्या रेलच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग. त्याआधी लाल पिसं तपासायची.